‘ती मेली का?’ : लोर्काच्या एका कवितेचं निवेदन लिहिताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात जुनं वाचनमंडळ आहे. दर महिन्याला बैठक आणि वर्षातून एकदा ग्रंथालयाच्या सभागृहात जाहीर वाचन, असा त्यांचा शिरस्ता. त्या वर्षी जाहीर वाचनासाठी अनुवादित कविता घ्यायच्या ठरल्या. मंडळातली एक तरुण सभासद काही वर्षं स्पॅनिश शिकत होती. तिने फेदेरीको गार्सिया लोर्काची ‘रोमान्से सोनाम्बुलो’ ही कविता मराठीत करून आणली. झोपेत चालणाऱ्याचं कथागीत, असं काहीसं ते नाव.

मंडळाची रीत अशी की प्रत्येक कवितेआधी दोन-तीन मिनिटांचं निवेदन व्हायचं. ते निवृत्त बँक अधिकारी असलेले एक काका लिहायचे. त्यांचा आवाज चांगला होता आणि लिहिणं नेटकं. या कवितेचं निवेदनही त्यांनी लिहिलं आणि तिथून पुढचं सगळं घडलं. मी मंडळाची टिपणवही सांभाळतो, त्यामुळे बैठकांत कोण काय म्हणालं याची नोंद माझ्याकडे होती. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

कवितेत काय आहे

कविता १९२४ सालची. ‘रोमान्सेरो हितानो’ या १९२८ साली आलेल्या संग्रहात ती आहे. पहिल्या चार ओळी मराठीत अशा आल्या होत्या:

हिरवं, किती हवंस तू मला हिरवं.
हिरवा वारा. हिरव्या फांद्या.
दर्यावर जहाज
आणि डोंगरात घोडा.

मग कठड्याशी स्वप्न पाहणारी एक जिप्सी मुलगी येते. तिच्या कमरेशी सावली आहे. ‘अंग हिरवं, केस हिरवे, डोळे थंड रुप्याचे.’ चंद्राखाली सगळ्या वस्तू तिच्याकडे बघत असतात आणि तिला मात्र त्या बघता येत नाहीत. गोठलेल्या दवाचे मोठे तारे सावलीच्या माशाबरोबर येतात आणि तो मासा पहाटेची वाट उघडतो. अंजिराचं झाड आपल्या फांद्यांच्या काचकागदाने वारा घासतं. डोंगर चोरट्या मांजरासारखा अंगावरचे घायपात फुलारतो. कोण येणार, कुठून येणार, असा प्रश्न मध्येच विचारला जातो. उत्तर मिळत नाही.

यानंतर एकदम संवाद सुरू होतो. काब्राच्या खिंडींतून रक्तबंबाळ होऊन आलेला एक तरुण दुसऱ्या पुरुषाशी सौदा करू बघतो. माझा घोडा घे, तुझं घर दे. माझं खोगीर घे, तुझा आरसा दे. माझा सुरा घे, तुझी घोंगडी दे. त्याला आपल्या अंथरुणावर, धड मरण हवं आहे. समोरचा म्हणतो, जमलं असतं तर हा सौदा केला असता, ‘पण मी आता मी उरलो नाही, आणि माझं घर आता माझं घर नाही.’ तरुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तीनशे काळसर गुलाब आहेत. दोघं वरच्या कठड्याकडे चढतात. मागे रक्ताची आणि आसवांची रेघ राहते. पत्र्याचे कंदील थरथरतात आणि काचेच्या हजार खंजिऱ्या पहाटेला जखमी करतात. वर पोचल्यावर प्रश्न येतो, तुझी ती कडवट मुलगी कुठे आहे? तिने किती वेळा वाट पाहिली, चेहरा टवटवीत, केस काळे, याच हिरव्या कठड्याशी.

मुलगी हौदाच्या पाण्यावर हेलकावत असते. अंग हिरवं, केस हिरवे, डोळे थंड रुप्याचे. चंद्राच्या हिमकांडीने तिला पाण्यावर धरून ठेवलेलं असतं. रात्र एखाद्या लहानशा चौकासारखी जवळची होते. दारू प्यालेले सिव्हिल गार्डचे पोलीस दार ठोकतात. मग पहिल्या चार ओळी परत येतात आणि कविता थांबते.

अडचण

काकांचं निवेदन दोन पानांचं होतं. त्याचा सारांश असा: हा तरुण तस्कर आहे. पोलिसांच्या गोळीने जखमी होऊन तो आपल्या प्रेयसीच्या घरी परततो. तिचा बाप त्याला आत घेऊ शकत नाही. इकडे वाट बघून थकलेल्या मुलीने हौदात जीव दिलेला असतो. हिरवा रंग म्हणजे मृत्यू. चंद्र म्हणजे मृत्यू. घोडा म्हणजे पुरुषाची वासना आणि पाणी म्हणजे काळ. शेवटी एक वाक्य होतं की १९३६ साली कवीला गोळ्या घालून मारण्यात आलं, त्याची चाहूल या कवितेत आधीच लागलेली दिसते.

निवेदन वाचून झाल्यावर बैठकीतल्या बहुतेकांना हायसं वाटलं. ‘आत्ता कळली,’ असं एक-दोघं म्हणालेही. मंडळातल्या डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, ‘काका, तस्कर कुठल्या ओळीत आहे?’

शोधाशोध झाली आणि ती ओळ सापडली नाही. स्पॅनिश जाणणाऱ्या मुलीने मूळ संहिता उघडून बघितली, तिथेही नव्हती. मग याच प्रश्नाची गोडी लागली. प्रियकर कुठे आहे? कुठेच नाही. आत्महत्या? नाही. गोळी? जखम छातीपासून गळ्यापर्यंत आहे एवढंच कळतं. बाप? ‘तुझी मुलगी’ असे शब्द आहेत, त्यामुळे बाप असावा असं वाटतं, पण ती विचारणा कोण कोणाला करतंय हेच पक्कं नाही. थोडक्यात, काकांच्या गोष्टीचे चारही खांब कवितेबाहेरून आणलेले होते.

गोष्ट खोटी आहे असा याचा अर्थ नव्हता. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातले डोंगर, खिंडी, १८४४ साली उभं राहिलेलं सिव्हिल गार्ड हे निमलष्करी पोलीस दल आणि त्याचं जिप्सींशी असलेलं वैर हे सगळं ठाऊक असलेला वाचक रात्रीचा जखमी घोडेस्वार बघून तस्करापर्यंत सहज पोचतो. अनेक अभ्यासकांनीही हीच गोष्ट मांडली आहे. पण तर्काने भरलेली जागा आणि कवितेने सांगितलेली जागा यांतला फरक निवेदनात पुसला गेला होता. ते ऐकून कविता ऐकणारा श्रोता संहितेत नसलेला तस्कर ऐकणार आणि असलेला सावलीचा मासा त्याच्या कानावरून निघून जाणार.

सवय कुठून येते

इथे मराठी वाचकाबद्दल थोडं बोलायला हवं. काकांची पद्धत त्यांनी हवेतून काढलेली नव्हती. त्यांनीच उदाहरण दिलं ते मुक्ताबाईंचं: ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी’. ‘हेही अशक्यच आहे ना? पण कीर्तनकार उलगडून सांगतात तेव्हा सगळं लागतं. मग इथेच का नको?’

प्रश्न रास्त होता. कूट अभंगाच्या पाठीशी एक सामायिक परिभाषा उभी असते. जीव, माया, ज्ञान, वृत्ती यांची भाषा बोलणारा आणि ऐकणारा दोघांच्याही ओळखीची असते. मुंगी म्हणजे जीव की सूक्ष्म झालेली वृत्ती, यावर प्रवचनकारांत मतभेद होतील, पण शोध कुठल्या कपाटात घ्यायचा हे ठरलेलं असतं. भारुडात तर रूपक कधीकधी शेवटी उघडच केलेलं असतं. आपले कान अशा काव्यावर तयार झाले आहेत, त्यामुळे अशक्य प्रतिमा दिसली की आपण आपोआप किल्ली शोधू लागतो.

लोर्काच्या कवितेमागे असं सामायिक कपाट नाही. त्याने प्रतिमा आंदालुसियाच्या मातीतूनच घेतल्या आहेत. घायपात, अंजीर, हौद, पत्र्याचे कंदील हे सगळं तिथलं रोजचं. पण एकास एक अर्थ ठरवून देणारा कुठलाही संप्रदाय तिच्या पाठीशी नाही. आणि खरं सांगायचं तर मुक्ताबाईंचा अभंगही उकल झाल्यावर संपत नाही. शेवटच्या चरणात माशी व्याली, घार झाली आणि ते बघून मुक्ताई हसली. त्या हसण्याला कुठल्याच कोष्टकात रकाना नाही. हे मी बैठकीत म्हणालो तेव्हा काका म्हणाले, ‘ते हसणं राहू द्या, आधी कार्यक्रमाचं बघा.’

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काकांचं निवेदन थोडं सौम्य करून ठेवण्याचा. ‘असं मानलं जातं’, ‘बहुधा’ असे शब्द घालायचे. सोपं होतं, पण परिणाम तोच झाला असता. श्रोता ‘बहुधा’ विसरतो आणि गोष्ट लक्षात ठेवतो.

दुसरा पर्याय मंडळातल्या एका तरुण कवीने मांडला. निवेदनच नको. ‘हे स्वप्न आहे. ज्याला जे वाटेल तो त्याचा अर्थ.’ ऐकायला मोकळं वाटतं, पण मला हा पर्याय पहिल्याइतकाच आळशी वाटला. काहीही चालतं म्हटलं की ओळी नीट वाचायची गरजच उरत नाही. शिवाय ते या कवितेबाबत खरंही नाही. ही कविता ‘रोमान्से’ या जुन्या स्पॅनिश कथागीताच्या कडक छंदात बांधलेली आहे. ओळीला आठ अक्षरं आणि सम ओळींच्या शेवटी तोच स्वरमेळ, ‘आ-आ’, पहिल्यापासून अखेरपर्यंत. फ्रेंच कवी आंद्रे ब्रतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला तोही १९२४ सालीच, पण लोर्का त्या गोटातला नव्हता. मनात येईल ते न थांबवता लिहिण्याची त्यांची पद्धत त्याची नव्हती. त्याचा मित्र, चित्रकार साल्वादोर दालीला तर हा संग्रह फारच परंपरेला धरून वाटला होता. इतकी मोजूनमापून बांधलेली कविता ‘कसंही घ्या’ म्हणून श्रोत्यांपुढे ठेवणं तिच्यावर अन्यायच होता.

तिसरा पर्याय कवीच्याच शब्दांचा. लोर्का आपल्या व्याख्यान-वाचनात या कवितेबद्दल बोलला आहे. समुद्राच्या लाटा ऐकू न येणाऱ्या ग्रानादा शहराची समुद्राची ओढ, असा अर्थ लोक काढतात, हे सांगून त्याने म्हटलं होतं की ठीक आहे, ते तसं आहेच, पण आणखीही काही आहे. काचेच्या हजार खंजिऱ्यांबद्दल विचाराल तर त्या मी देवदूतांच्या आणि झाडांच्या हातांत पाहिल्या आहेत, यापलीकडे मला सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. स्पॅनिश शिकलेल्या मुलीने हा उतारा आणला तेव्हा कवी मंडळी खुश झाली. ‘बघा, त्यालाच ठाऊक नाही!’ काकांचा चेहरा उतरला.

उतारा नीट वाचला तर तो दोन्ही बाजूंना पुरता उपयोगी पडत नाही. समुद्राचा अर्थ लोर्का नाकारत नाही. तो अर्थ बरोबर आहे म्हणतो आणि पुरेसा नाही म्हणतो. ‘काहीही चालेल’ असं तर तो कुठेच म्हणत नाही.

निर्णय पहिला: आधी रकाने भरायचे

डॉक्टरबाईंनी सुचवलं की अर्थावर भांडण्याआधी कागदावर तीन रकाने करावेत. कविता काय सांगते, कविता काय सांगत नाही, आणि आपण काय भरतो. त्या रुग्णाचा इतिहास घेताना असंच करतात, असं त्या म्हणाल्या. लक्षण वेगळं, अंदाज वेगळा.

पहिल्या रकान्यात एक गोष्ट सापडली जी तोवर कोणाच्याच नजरेत आली नव्हती. मुलीचं वर्णन करणाऱ्या दोन ओळी सुरुवातीला कठड्याशी येतात आणि त्याच ओळी जशाच्या तशा शेवटी हौदावर येतात. जागा बदलली, वर्णन बदललं नाही. आणि या दोहोंच्या मध्ये कुणीतरी तिची आठवण काढतं ती काळ्या केसांची, टवटवीत चेहऱ्याची. म्हणजे तिचे केस काळे होते. मग सुरुवातीला, ती कठड्याशी स्वप्न पाहत असताना, ते हिरवे कसे?

काकांच्या गोष्टीप्रमाणे मुलगी आधी वाट बघते आणि नंतर मरते. पण कवितेत ती पहिल्याच कडव्यात हौदातल्या रंगाची आहे. शेवट सुरुवातीच्या आधीच घडून गेल्यासारखा आहे. किंवा ती अजून कठड्याशीच आहे आणि हौद हे तिचं स्वप्न आहे. किंवा कोणाच्या तरी झोपेत दोन्ही एकाच वेळी चालू आहे. स्वप्नात आपण मेलेल्या माणसाशी बोलतो आणि तो मेलेला आहे हे आपल्याला त्याच वेळी ठाऊकही असतं, तशी ही रचना आहे. काळाच्या ओळीवर ती बसवायला गेलं की एक तरी ओळ खाली पडते.

या शोधानंतर बैठकीचा सूर पालटला. अर्थ काय, यापेक्षा हे कसं केलंय, याकडे लोक बघू लागले. कोणीतरी दाखवून दिलं की सौद्यातल्या तिन्ही जोड्या एकाच दिशेने जातात. घोडा, खोगीर, सुरा या वाटेवरच्या वस्तू, तर घर, आरसा, घोंगडी या स्थिर संसाराच्या. अशक्य वाटणाऱ्या कवितेतला हा सर्वांत व्यवहारी भाग. पण सौदा मोडतो तो भाव न पटल्यामुळे नाही. घराचा मालकच उरलेला नसतो.

स्पॅनिशवाल्या मुलीचं निरीक्षण मला सगळ्यांत आवडलं. दर्यावर जहाज आणि डोंगरात घोडा या ओळींत अशक्य काहीच नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी आहे. कविता उघडताना आणि मिटताना याच दोन ओळी येतात. मधे मात्र कोणीही आपल्या जागी नाही, ना तरुण, ना घरमालक, ना मुलगी.

निर्णय दुसरा: हिरव्याचं काय करायचं

काका मृत्यूवर ठाम होते. मग एक चाचणी ठरली. जो अर्थ सुचवला जाईल तो प्रतिमेच्या जागी ठेवून अख्खी कविता वाचायची आणि कुठे अडतं ते बघायचं.

हिरव्याच्या जागी मृत्यू ठेवला. हौदावरची मुलगी लागली. कठड्याशी असलेली मुलगीही, जरा ओढूनताणून, लागली. हिरव्या फांद्यांशी अडलं, कारण हिरव्या फांद्या साध्या जिवंत फांद्याही असतात आणि ओळीत त्यांना दुसरं काही व्हायला भाग पाडणारा शब्द नाही. काळ्या केसांची मुलगी ज्या कठड्याशी वाट बघायची तोही हिरवाच, म्हणजे ती धडधाकट असतानाही हिरवं तिथे होतं. आणि पहिल्याच ओळीतला ‘किती हवंस’ हा हट्ट? मृत्यूची ओढ म्हणता येईल, पण तोवर आपण मृत्यू सोडून ओढीबद्दल बोलायला लागलेले असतो.

मग वासना ठेवून पाहिली. पहिली ओळ छान लागली, पण थंड रुप्याच्या डोळ्यांपाशी सगळं गोठलं. समुद्राची ओढ ठेवली तर जहाज, कडू समुद्राचं स्वप्न, कठड्याखाली घुमणारं पाणी आणि हौद हे सगळं एका धाग्यात आलं, पण रक्त आणि गार्ड बाहेर राहिले. तरुण कवीने ‘निसर्ग’ सुचवलं. ते दुसऱ्या ओळीपुढे गेलंच नाही.

चाचणीचा निकाल असा की तीन अर्थ काही अंतर चालतात, एक चालतच नाही आणि शेवटापर्यंत कुठलाच जात नाही. बैठकीत यावरून जे ठरलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यांत कामाचं वाटतं. अर्ध्या वाटेपर्यंत चालणारा अर्थ फेकून द्यायचा नाही. तो कुठल्या ओळीपर्यंत चालला हे लिहून ठेवायचं. मृत्यू हौदापाशी सर्वांत भरीव आहे, ओढ पहिल्या ओळीत, समुद्र मधल्या भागात. रंग एकच आहे आणि तो ओळीओळीतून पुढे सरकताना आधीचा भार बरोबर घेऊन जातो. शेवटची ‘हिरवा वारा, हिरव्या फांद्या’ ही ओळ पहिल्या वेळच्याच शब्दांत येते, पण आता त्या हिरव्यात हौद मिसळलेला असतो.

१९३६ चं वाक्य मात्र सर्वानुमते गेलं. कविता आधीची, मृत्यू बारा वर्षांनी नंतरचा. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपल्याला चाहूल दिसते. काकांनी स्वतःच पेन्सिलने ते खोडलं.

निर्णय तिसरा: कवीचे शब्द कधी

यावर सर्वांत जास्त वेळ गेला. स्पॅनिशवाल्या मुलीचं म्हणणं, उतारा आधी वाचावा म्हणजे श्रोते निर्धास्त होतील. डॉक्टरबाईंचं म्हणणं उलट. कवीलाच सांगता येत नाही हे आधी कळलं तर श्रोते प्रयत्नच करणार नाहीत, आणि खंजिऱ्यांची ओळ आली की हसतील. शेवटी उतारा कवितेनंतर ठेवायचा ठरलं.

काकांनी निवेदन नव्याने लिहिलं. ते जेमतेम पाऊण पान झालं. त्यात काब्रा हा कोर्दोबा प्रांतातला भाग आहे, सिव्हिल गार्ड कोण, हौद म्हणजे घरातली पाण्याची साठवण, एवढी माहिती होती. गोष्टीबद्दल एकच वाक्य: ‘एक जखमी तरुण रात्री एका घरी येतो, त्याला कोण भेटतं आणि कोण भेटत नाही, ते ऐका.’ आणि एक विनंती: मुलीचं वर्णन दोनदा येईल, ते कुठे कुठे येतं तिकडे लक्ष द्या.

काय झालं

वाचन तीन आवाजांत झालं. काकांनी घरमालकाचे शब्द म्हटले, तरुण कवीने जखमीचे. कथन स्पॅनिशवाल्या मुलीने केलं. दुसऱ्यांदा ‘अंग हिरवं, केस हिरवे’ आलं तेव्हा सभागृहात थोडी हालचाल झाली. विनंती लोकांनी ऐकली होती असं त्यावरून म्हणता येईल.

नंतरच्या गप्पांत पहिलाच प्रश्न आला, ‘मग ती मेली का?’ एका आजींनी विचारलं होतं. मुलगी म्हणाली, ‘आजी, ती पाण्यावर आहे आणि चंद्राने तिला धरलंय. कविता एवढंच सांगते.’ आजींचं समाधान झालं नाही. ‘अगं, पण चंद्राने धरलंय म्हणजे बुडाली नाही ना अजून?’ याला मुलीकडे उत्तर नव्हतं आणि ते नसणं बरोबरच होतं. ‘धरून ठेवलंय’ हे क्रियापद आम्ही कोणीच इतकं गंभीरपणे घेतलं नव्हतं. आमच्या तिसऱ्या रकान्यात ‘ती मेली आहे’ हे वाक्य निमूटपणे बसलेलं होतं. आजींनी ते तिथून बाहेर काढलं.

सगळं काही जमलं असं नाही. एका गृहस्थांनी उठून सांगितलं की तुम्ही अर्थ सांगायचं टाळलंत, याला कविता म्हणत असतील तर आम्ही निघतो, आणि ते निघाले. दुसऱ्या एकांनी ही हिरव्या पर्यावरणाची कविता आहे असं आग्रहाने मांडलं. त्यांना ‘कोणत्या ओळीवरून?’ असं विचारायला हवं होतं. सूत्रसंचालकांनी ‘तोही एक दृष्टिकोन’ म्हणून विषय संपवला. सभ्यपणा झाला, पण तीन बैठका लावून जी शिस्त कमावली होती ती त्या एका वाक्यात गेली.

कार्यक्रमाच्या शेवटी कवीचा उतारा वाचला गेला. खंजिऱ्यांच्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला जरा लवकर पडल्यासारख्या वाटल्या. ‘त्यालाही माहीत नाही’ हे ऐकून सुटका झाल्याच्या टाळ्या असाव्यात.

वेगळं काय करता आलं असतं

उतारा त्या दिवशी वाचायलाच नको होता, असं डॉक्टरबाईंचं आता मत आहे. तो पुढच्या बैठकीत, ज्यांनी कविता घरी नेऊन वाचली त्यांच्यासाठी ठेवता आला असता. मला तो हवाच होता, पण पूर्ण. वाचताना वेळेअभावी समुद्राचा भाग गाळला गेला आणि फक्त खंजिऱ्या उरल्या. ‘ते तसं आहेच, पण आणखीही काही आहे’ हे वाक्य सगळ्यांत गरजेचं होतं, नेमकं तेच कापलं गेलं.

कविता दोनदा वाचायला हवी होती. पहिल्यांदा निवेदनाशिवाय, दुसऱ्यांदा चर्चेनंतर. ऐंशीहून थोड्या जास्त ओळी आहेत, वेळ फार गेला नसता. सावलीचा मासा, काचकागदाचं अंजीर, मांजर झालेला डोंगर या प्रतिमा एका ऐकण्यात हाती लागत नाहीत, आणि आमच्या चर्चेतही त्या मागेच राहिल्या. हिरव्यावर आणि मुलीवर इतका वेळ गेला की कोण कोणाकडे बघतंय हा प्रश्न निघालाच नाही. वस्तू मुलीकडे बघतात, मुलीला त्या बघता येत नाहीत. डोंगर अंग फुलारतो ते कोणाला बघून? ही नजरांची उलटापालट कवितेच्या सुरुवातीलाच आहे आणि तिच्यावरून दुसरं वाचन उभं राहू शकलं असतं.

काकांच्या पहिल्या निवेदनाचं काय करायचं, हाही प्रश्न होता. मी ते टिपणवहीत जोडून ठेवलं आहे, समासात डॉक्टरबाईंच्या प्रश्नासकट. काकांना ते आवडलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की गोष्ट आधी लिहिली म्हणून तर तिच्यात काय नाही ते सापडलं, तेव्हा समासातल्या प्रश्नाबरोबर ही नोंदही हवी. ती केली. पुढच्या वर्षी कूट अभंग घ्यायचे ठरत आहेत. निवेदन काकाच लिहिणार आहेत आणि या वेळी त्यांनी रकान्यांचे कागद आधीच मागून घेतले आहेत.